पोटॅशियम-आयन विद्युतघट

पोटॅशियम-आयन विद्युतघट हा पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा विद्युतघट असून त्यात विद्युतभार वाहून नेण्याचे काम पोटॅशियमचे धन आयन करतात. त्याची रचना लिथियम-आयन विद्युतघटासारखीच असते. पोटॅशियमचा आयन लिथियमच्या आयनापेक्षा बराच मोठा व जड आहे. तरीही लिथियम घटात वापरले जाणारे ग्रॅफाइट पोटॅशियमसाठीही अ‍ॅनोड म्हणून उपयोगी पडते. आकाराने या दोहोंच्या मधे असलेला सोडियमचा आयन मात्र ग्रॅफाइटमध्ये जवळजवळ शिरत नाही. या विसंगतीचे कारण आणि तिच्यामुळे होणारे लाभ-तोटे हा या घटाच्या अभ्यासातील मध्यवर्ती विषय आहे.

## रचना व कार्य

घटाचे तीन मुख्य भाग असतात: अ‍ॅनोड (ऋण विद्युताग्र), कॅथोड (धन विद्युताग्र) आणि त्यांच्या दरम्यान पोटॅशियमचा क्षार विरघळविलेला सेंद्रिय द्राव, म्हणजे विद्युत विच्छेद्य. घट प्रभारित होताना पोटॅशियमचे आयन कॅथोडमधून निघतात, द्रावातून प्रवास करतात आणि ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. त्याच वेळी तितकेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून ग्रॅफाइटपर्यंत पोहोचतात. घट वापरात असताना हाच प्रवास उलट दिशेने होतो.

कॅथोडसाठी प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगद्रव्याच्या कुळातील संयुगे विशेष सोयीची ठरली आहेत. लोह, कार्बन व नायट्रोजन यांच्या जाळीदार सांगाड्यात मोठमोठ्या पोकळ्या असतात व पोटॅशियमचा आयन त्यांत सहज मावतो. याच कुळातील मँगॅनीज असलेल्या K₂Mn[Fe(CN)₆] या संयुगाची सैद्धांतिक धारणक्षमता ग्रॅमला सुमारे १५५ मिलिअँपिअर-तास आहे. लिथियम घटात वापरल्या जाणाऱ्या थरयुक्त ऑक्साइडांसारखी संयुगे पोटॅशियमला तितकीशी मानवत नाहीत. थरांमध्ये दाटीने बसलेले मोठे आयन एकमेकांना दूर लोटतात आणि त्यामुळे घटाचा विद्युतदाब घसरतो.

## इतिहास

पोटॅशियम व ग्रॅफाइट यांचे संयुग विद्युतघटाच्या कल्पनेपेक्षा जुने आहे. ग्रॅफाइटवर पोटॅशियमची वाफ सोडली असता KC₈ हे काशाच्या रंगाचे संयुग तयार होते, हे १९२६ मध्ये फ्रेडेनहागेन व काडेनबाख यांनी नोंदविले. हवेत उघडे ठेवल्यास ते आपोआप पेट घेते. २००४ मध्ये अली एफ्तेखारी यांनी प्रशियन ब्लूचा कॅथोड वापरून पोटॅशियमचा प्रभारणक्षम घट वर्णिला. सामान्य तापमानाला सेंद्रिय द्रावामध्ये ग्रॅफाइट पोटॅशियमचे आयन घेऊ व परत देऊ शकते, हे २०१५ मध्ये अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठातील शिउलेई जी यांच्या गटाने आणि जपानमधील शिनिची कोमाबा यांच्या गटाने दाखविले. त्यानंतर या विषयावरील संशोधनाला वेग आला.

## ग्रॅफाइट उपयोगी का पडते

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या षटकोनी जाळ्यांची चळत होय. दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते आणि थरांमधील आकर्षण क्षीण असते. त्यामुळे त्यांच्यामध्ये परके अणू शिरू शकतात. आयनांच्या त्रिज्या पाहिल्या तर लिथियमची ०.०७६, सोडियमची ०.१०२ आणि पोटॅशियमची ०.१३८ नॅनोमीटर आहे. केवळ आकाराचाच प्रश्न असता, तर सोडियम कमी सामावला असता आणि पोटॅशियम त्याहूनही कमी. प्रत्यक्षात लिथियम LiC₆ पर्यंत, म्हणजे सहा कार्बन अणूंमागे एक, आणि पोटॅशियम KC₈ पर्यंत, म्हणजे आठ कार्बन अणूंमागे एक, या प्रमाणात भरतो. सोडियमचे प्रमाण मात्र साठाहून अधिक कार्बन अणूंमागे एक इतके अल्प राहते.

याचा उलगडा ऊर्जेच्या हिशेबातून होतो. धातूचा अणू ग्रॅफाइटमध्ये बसतो तेव्हा तो आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन कार्बनच्या थरांना देतो व स्वतः धन आयन बनतो. इलेक्ट्रॉन काढून देण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. ऋण झालेले थर आणि धन आयन यांच्यातील आकर्षणामुळे ऊर्जा परत मिळते. मिळकत खर्चापेक्षा अधिक असेल तरच संयुग टिकते.

लिथियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हा खर्च मोठा आहे, पण लिथियमचा आयन लहान असल्याने तो कार्बनच्या थराला अगदी जवळून भिडतो. त्यामुळे मिळकतही मोठी असते आणि हिशेब जुळतो. सोडियमसाठी खर्च ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे लिथियमपेक्षा किंचितच कमी आहे. आयन मोठा असल्यामुळे मिळकत मात्र बरीच घटलेली असते. सोडियम येथेच तोट्यात जातो. पोटॅशियमच्या बाबतीत मिळकत आणखी थोडी घटते, पण खर्च एकदम ४.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरतो. लिथियमपासून सोडियमपर्यंत खर्चात बचत होते पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि सोडियमपासून पोटॅशियमपर्यंत तब्बल ०.८. या बचतीतून थर फाकविण्याचा जादा खर्चही भागतो. सारांश, पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये बसतो तो आकारामुळे नव्हे, तर इलेक्ट्रॉन सहज सोडण्याच्या त्याच्या गुणामुळे. सोडियम घटासाठी म्हणूनच ग्रॅफाइटऐवजी अव्यवस्थित रचनेचा ‘हार्ड कार्बन’ वापरावा लागतो.

धारणक्षमतेची तुलना साध्या गणिताने करता येते. एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार सुमारे २६.८ अँपिअर-तास असतो. KC₈ मध्ये तो ९६ ग्रॅम कार्बनमागे साठतो, म्हणून प्रति ग्रॅम सुमारे २७९ मिलिअँपिअर-तास. LiC₆ मध्ये तो ७२ ग्रॅम कार्बनमागे साठतो, म्हणून ३७२. पोटॅशियमसाठी ग्रॅफाइटची क्षमता लिथियमच्या तीन-चतुर्थांश भरते.

## मोठ्या आयनाचे लाभ

आकाराने मोठा आयन द्रावातही मंद गतीने चालेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे घडत नाही. लिथियमच्या लहान आयनाभोवती विद्युतक्षेत्र तीव्र असते. त्यामुळे द्रावाचे रेणू त्याला घट्ट चिकटतात आणि तो हे सारे लटांबर घेऊनच पुढे सरकतो. पोटॅशियमचा विद्युतभार मोठ्या गोलावर पसरलेला असल्याने त्याच्याभोवतीचे आवरण सैल असते. तो द्रावात अधिक सहज हिंडतो आणि ग्रॅफाइटच्या दाराशी ते आवरणही लवकर उतरवितो.

दुसरा लाभ धातूच्या पत्र्याचा आहे. लिथियम घटात अ‍ॅनोडचे ग्रॅफाइट तांब्याच्या पातळ पत्र्यावर लिंपावे लागते, कारण अ‍ॅनोडच्या विद्युतदाबाला लिथियम अ‍ॅल्युमिनियमशी संयोग पावून मिश्रधातू बनवितो. पोटॅशियम असे करीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचाच पत्रा चालतो. तो तांब्यापेक्षा स्वस्त असून त्याची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

## मर्यादा

KC₈ तयार होईपर्यंत ग्रॅफाइटच्या थरांमधील अंतर ०.३३५ वरून ०.५३५ नॅनोमीटरपर्यंत वाढते, म्हणजे ग्रॅफाइटचे आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी फुगते. लिथियमच्या बाबतीत ही वाढ ०.३७० नॅनोमीटरपर्यंत, सुमारे १० टक्के असते. पहिल्या प्रभारणात द्रावाचा थोडा अंश विघटन पावून ग्रॅफाइटच्या कणांवर एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. कण दरवेळी फुगून आकसू लागले की हा पापुद्रा तडकतो, उघड्या पडलेल्या पृष्ठावर नवा पापुद्रा चढतो आणि त्यात पोटॅशियम व द्राव दोन्ही खर्ची पडतात. याची खूण घटाच्या नोंदींत दिसते. भरलेल्या विद्युतभारापैकी परत मिळणारा भाग आवर्तनागणिक शंभर टक्क्यांपेक्षा थोडा कमी भरत राहतो व एकूण क्षमता हळूहळू उतरते. फुगवटा सोसणारे लवचीक बंधक आणि टिकाऊ पापुद्रा देणारे क्षार वापरणे, हे त्यावरील मुख्य उपाय आहेत.

प्रयोगशाळेतील चाचण्यांतही एक फसगत संभवते. सहसा ग्रॅफाइटची चाचणी पोटॅशियम धातूचा पत्रा समोर ठेवून केली जाते. हा धातू अत्यंत क्रियाशील असून द्रावाशी सतत अभिक्रिया करतो. त्यातून सुटलेले पदार्थ ग्रॅफाइटवर जाऊन बसतात व ग्रॅफाइट मुळात आहे त्याहून वाईट भासते. यासाठी तिसरे संदर्भ विद्युताग्र जोडून किंवा पूर्ण घट बांधून पडताळणी केली जाते. पोटॅशियम धातू ६३.५ अंश सेल्सियसला वितळतो, तर लिथियम १८०.५ अंशांना. त्यामुळे चुकीच्या प्रभारणात ग्रॅफाइटवर पोटॅशियम धातूचा थर चढणे धोक्याचे ठरते.

## कच्चा माल

पृथ्वीच्या कवचात वजनाने दोन टक्क्यांहून अधिक पोटॅशियम आहे. लिथियमचे प्रमाण दशलक्षात सुमारे २० भाग एवढेच आहे. समुद्राच्या पाण्यातही असाच फरक दिसतो. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर परिसरात खाडीलगत मिठागरे आहेत. तेथे भरतीचे पाणी वाफ्यांत साठवून उन्हात आटविले जाते. सर्वसाधारण समुद्राच्या एक घनमीटर पाण्यात सुमारे ११ किलोग्रॅम सोडियम, ४०० ग्रॅम पोटॅशियम आणि जेमतेम ०.२ ग्रॅम लिथियम असते. मिठाचे स्फटिक वेगळे झाल्यावर उरणाऱ्या कडवट मातृद्रवात मॅग्नेशियमच्या क्षारांबरोबर हे पोटॅशियमही राहते.

दहा अँपिअर-तासांच्या एका घटाचे उदाहरण घेता येईल. त्यातील विद्युतभार वाहण्यासाठी किमान १४.६ ग्रॅम पोटॅशियम व ते सामावण्यासाठी ३६ ग्रॅम ग्रॅफाइट लागते. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम घटाला २.६ ग्रॅम लिथियम आणि २७ ग्रॅम ग्रॅफाइट पुरते. म्हणजे एक घनमीटर समुद्रजलातील पोटॅशियम तत्त्वतः अशा सत्तावीस घटांना पुरेल, पण त्यातील लिथियम एका घटाच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरणार नाही. याच हिशेबातून पोटॅशियम घट अधिक जड का होतो, हेही स्पष्ट होते.

मातृद्रवातून पोटॅशियमचे क्षार वेगळे करण्याच्या पद्धतींवर भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने काम केले आहे. तथापि भारत आपल्या गरजेचे पोटॅश जवळजवळ सर्वस्वी आयात करतो आणि ते मुख्यतः खत म्हणून शेतीत वापरले जाते. जगातील मोठे उत्पादक कॅनडा, रशिया व बेलारूस हे आहेत. त्यामुळे पोटॅशियम घटाचा कच्चा माल स्वस्त असला, तरी भारताच्या दृष्टीने तो आपोआप स्वदेशी ठरत नाही.

## सद्यःस्थिती

२०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ग्रुपवन या कंपनीने ग्रॅफाइटचा अ‍ॅनोड असलेला १८६५० आकाराचा दंडगोल पोटॅशियम-आयन घट जाहीर केला. महाराष्ट्रात पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन घटाचे तंत्रज्ञान सादर केले. लिथियमला पर्याय शोधण्याचे हे दोन निरनिराळे मार्ग आहेत. सोडियमच्या मार्गाला मुबलक मीठ मिळते, पण अ‍ॅनोडसाठी वेगळा कार्बन बनवावा लागतो. पोटॅशियमच्या मार्गाला ग्रॅफाइटचे तयार कारखाने उपयोगी पडतात, पण ग्रॅफाइटचा मोठा फुगवटा सांभाळावा लागतो. वजनाला महत्त्व नसलेल्या स्थिर विद्युतसाठ्यासाठी हा घट अधिक योग्य मानला जातो.