हरवलेली गुणपत्रिका आणि जुळायला हवेत असे तीन कागद

माझ्या मावसबहिणीची प्लॅस्टिकची फाईल सातारा-स्वारगेट एसटीत राहिली. आत बी.कॉम.च्या गुणपत्रिका होत्या, २००६ ते २००८ च्या परीक्षांच्या. आगारात दोनदा चौकशी केली, पण फाईल मिळाली नाही. मग तिने विद्यापीठाकडे दुय्यम प्रतींसाठी अर्ज केला आणि तो तीन आठवड्यांनी त्रुटी दाखवून परत आला. अर्जाची भाषा चांगली होती. अडचण अशी की अर्ज, पोलिसांची नोंद आणि प्रतिज्ञापत्र हे तीन कागद तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

पोलीस नोंदीत फाईल ‘एसटी प्रवासात गहाळ’ असे होते. प्रतिज्ञापत्र कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाने त्याच्याकडच्या तयार मजकुरावरून केले होते, त्यात ‘राहत्या घरातून गहाळ’ असे होते. तिने न वाचता सही केली. शिवाय अर्जावर सासरचे नाव होते आणि विद्यापीठाच्या दप्तरात अर्थातच माहेरचे.

त्यामुळे सुरुवात पोलिसांच्या नोंदीपासून करावी. कागद चोरीला गेले असतील तर चोरीची तक्रार द्यावी. नुसते हरवले असतील तर गहाळ झाल्याची नोंद पुरते, आणि ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही करता येते. त्या नोंदीतली तारीख आणि ठिकाण पुढच्या दोन्ही कागदांत जसेच्या तसे उतरवावे.

अर्ज परीक्षा विभागाच्या नावाने लिहायचा. दुसऱ्या वेळी आम्ही बसून लिहिला तो असा:

‘प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. विषय: गहाळ गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रती मिळणेबाबत. महोदय, मी बी.कॉम.ची परीक्षा विवाहापूर्वीच्या नावाने दिली असून विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. माझ्या एप्रिल २००६, एप्रिल २००७, ऑक्टोबर २००७ व एप्रिल २००८ या परीक्षांच्या चार मूळ गुणपत्रिका सातारा-स्वारगेट प्रवासात गहाळ झाल्या. महाविद्यालयाचे नाव, कायम नोंदणी क्रमांक व प्रत्येक परीक्षेचा बैठक क्रमांक खाली दिला आहे. पोलीस नोंद, प्रतिज्ञापत्र, ओळखपत्राची प्रत आणि चार गुणपत्रिकांच्या शुल्काची पावती जोडली आहे. कृपया दुय्यम प्रती द्याव्यात.’

बैठक क्रमांक इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात राहतो? तो महाविद्यालयाच्या कार्यालयात जुन्या निकालपत्रात सापडतो. क्रमांक नसेल तर विद्यापीठातल्या माणसाला वर्षावर्षाचे गठ्ठे चाळावे लागतात आणि अर्ज तिथेच अडकून पडतो. म्हणून महाविद्यालयाची एक फेरी आधीच करावी. प्राचार्यांची शिफारस लागत असेल तर तीही त्याच फेरीत मिळते.

प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर करतात. त्यात नाव, वय, पत्ता आणि प्रत्येक गुणपत्रिकेचा तपशील असावा. त्यानंतर तीन विधाने यावीत: कागद कसे हरवले, ते कोणाकडे गहाण वा अडकवून ठेवलेले नाहीत, आणि मूळ प्रती सापडल्यास विद्यापीठाला परत करीन. मधल्या विधानाला वजन आहे, कारण कोणाकडे तारण पडलेला कागद ‘हरवला’ म्हणून पुन्हा मागितला जाऊ नये ही विद्यापीठाची काळजी असते. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, तेव्हा सहीपूर्वी एकेक ओळ वाचावी.

मुद्रांकाबाबत गोंधळ फार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचे शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले. मात्र जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ च्या आदेशाने माफी आहे. आपल्या विद्यापीठाला साधा कागद चालतो की मुद्रांक हवा, हे परीक्षा विभागाला विचारूनच खरेदी करावी.

विद्यापीठाचे शुल्क मात्र गुणपत्रिकेमागे मोजतात, विद्यार्थ्यामागे नाही. बहिणीची पहिली चूक इथेही झाली होती. तीन वर्षे म्हणून तिने तीन प्रतींचे पैसे भरले. पण दुसऱ्या वर्षी राहिलेला एक विषय तिने ऑक्टोबरमध्ये सोडवला होता आणि त्या परीक्षेची गुणपत्रिका वेगळी होती. सत्र पद्धतीत तर सहा सत्रांच्या सहा, आणि पुन्हा दिलेल्या प्रत्येक परीक्षेची आणखी एक. दर विद्यापीठागणिक वेगळा असतो, जुन्या वर्षांसाठी काही ठिकाणी जास्त. तो संकेतस्थळावर पाहून भरावा आणि पावतीचा क्रमांक व तारीख अर्जात लिहावी.

अलीकडे उत्तीर्ण झालेल्यांनी खर्चाआधी डिजिलॉकर उघडून पाहावे. तिथे विद्यापीठाने चढवलेली गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची असते. बहिणीच्या काळातल्या परीक्षा तिथे नव्हत्या.

दुसरा अर्ज देताना तिने त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. दीड महिन्याने चारही प्रती आल्या: वर ‘दुय्यम प्रत’ असा शिक्का, खाली नवी तारीख आणि माहेरचे नाव.