उत्तर न मागणारा प्रश्न

‘त्याला कुठे वेळ आहे?’ या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असले, तरी त्यात विचारलेले काहीच नसते. ‘त्याला वेळ नाही’ एवढेच सांगायचे असते आणि ऐकणाराही ते तसेच घेतो. कवितेतही असे प्रश्न पुष्कळ सापडतात. होकारी प्रश्नातून नकार आणि नकारी वाक्यातून होकार निघतो, तो आवाजाच्या ढबीमुळे. संस्कृत काव्यशास्त्रात या ढबीला ‘काकु’ म्हणतात. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तिच्यासाठी ‘वेणीसंहार’ नाटकातील भीमाचे बोल घेतले आहेत. शंभर कौरवांना रणात चिरडणार नाही, असे भीम म्हणतो. पण ज्या सुरात म्हणतो, त्यातून चिरडल्याशिवाय राहणार नाही हेच ऐकू येते. भीमाच्या मनात शंका मुळीच नाही.

खऱ्या संशयातून आलेला प्रश्नही उत्तराची वाट पाहत नाही, पण त्याची जात वेगळी असते. ती ओळखायची तर प्रश्न मोडून त्याचे सरळ विधान करून पाहावे. भीमाच्या बोलांचे विधान होते आणि अर्थ तसाच राहतो. संशयी प्रश्नाचे विधान करायला गेले की बोलणाऱ्याने न घेतलेली बाजू त्याच्या गळ्यात पडते.

या दुसऱ्या जातीचा फार जुना आणि फार सुंदर नमुना म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 129वे, नासदीय सूक्त. दूरदर्शनवरील ‘भारत एक खोज’च्या शीर्षकगीतामुळे ते अनेकांच्या कानात आहे. सूक्तात सातच ऋचा आहेत आणि त्यांचा विषय सृष्टीची उत्पत्ती हा आहे. सत् नव्हते, असत् नव्हते, असे सांगून पहिली ऋचा लगेच विचारू लागते: झाकत काय होते, कुठे, कोणाच्या आश्रयाने? खोल पाणी होते का? यातल्या पाण्याच्या प्रश्नाला तिसऱ्या ऋचेत उत्तरासारखे काही मिळते, कारण तिथे सारे जलमय असल्याचे म्हटले आहे. चौथ्या ऋचेत तर द्रष्ट्यांनी हृदयात शोध घेऊन सताचे असताशी असलेले नाते हुडकले, अशी ग्वाहीच येते. म्हणजे हा कवी आरंभापासून हात टेकून बसलेला नाही. तो माहिती जमवत पुढे जातो.

पाचव्या ऋचेत पाऊल अडखळते. आडवा ताणलेला किरण किंवा दोर खाली होता की वर, असा प्रश्न येतो. इथे ‘आसीत्’ या क्रियापदातला ‘ई’ तीन मात्रांपर्यंत लांबवायचा असतो आणि ऋग्वेदाच्या छापील पोथ्यांत त्यासाठी ‘3’ हा आकडा घातलेला दिसतो. या लांबवलेल्या स्वराला प्लुत म्हणतात. दोन शक्यतांमध्ये विचार घुटमळत असताना स्वर प्लुत होतो, असा पाणिनीचा नियम आहे. या ऋचेतील प्रयोगासाठी तर त्याने वेगळे सूत्र दिले आहे. मनातली शंका इथे उच्चारातच मोजून दाखवली आहे, आणि म्हणून म्हणणाऱ्याला ती घाईने उरकता येत नाही.

सहाव्या ऋचेपासून प्रश्नांचा रोख बदलतो. आता विचारणा वस्तूंची नाही, जाणणाऱ्याची आहे: हे खरोखर कोणाला ठाऊक आहे, कोण सांगू शकेल? आणि उत्तर का मिळणार नाही, याचे कारणही तिथेच आहे. देव स्वतःच या निर्मितीनंतरचे. मग साक्षीदार आणायचा कुठून? सातव्या ऋचेत एकच साक्षीदार उरतो, परमोच्च आकाशातून हे पाहणारा अध्यक्ष. तो जाणतो, असे म्हणून कवी क्षणभर थांबतो आणि लगेच पुढची शक्यता मांडतो: किंवा तोही जाणत नसेल. सूक्त इथेच संपते. त्रिष्टुभ छंदाच्या चरणात अकरा अक्षरे असतात, पण याच ऋचेत, त्याने हे केले की नाही असे म्हणणाऱ्या चरणात, नऊच आहेत. हे मुद्दाम केले असेल का, हे सिद्ध करता येत नाही. मात्र जिथे सर्वांत मोठी शंका येते तिथेच चरण तोकडा पडतो, हे कानाला जाणवते.

याच मंडलातील 121वे, हिरण्यगर्भ सूक्त शेजारी ठेवले की फरक उमटतो. कोणत्या देवाला हवि अर्पण करावा, हा एकच प्रश्न तिथे नऊ ऋचांच्या शेवटी पालुपदासारखा येतो. दहाव्या ऋचेत प्रजापतीचे नाव घेऊन प्रश्न मिटवला आहे. या ऋचेला पदपाठ नाही, म्हणून ती मागाहून जोडली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. पुढच्या परंपरेने तर ‘कोण’ या अर्थाचे ‘क’ हे सर्वनामच प्रजापतीचे नाव ठरवले, आणि विचारणारा शब्दच उत्तर होऊन बसला. नासदीय सूक्ताला मात्र ऋग्वेदात अशी आठवी ऋचा कोणी जोडली नाही.