भांडण मिटल्यानंतरचा निरोप

भांडण मिटल्यावर जोडीदाराला पाठवायच्या आभाराच्या निरोपात नेमकी कृती लिहावी. ‘तू किती समजूतदार आहेस’ हे कोणत्याही दिवशी खपते, म्हणून मनाला फारसे लागत नाही. वाद चालू असताना ताण उतरवण्यासाठी केलेल्या लहानसहान हालचालींना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन ‘दुरुस्तीचे प्रयत्न’ म्हणतात. रागाच्या भरात त्या सहज नजरेआड होतात. निरोपात त्यांचीच दखल घ्यायची.

समजा, दिवाळीला कोणाच्या घरी जायचे यावरून नवरा-बायकोचे वाजले. दुसऱ्या दिवशी तिने लिहिले: ‘काल माझा आवाज चढला तेव्हा तू पाणी आणून दिलंस, दहा मिनिटांनी बोलू म्हणालास आणि खरंच परत आलास. थँक्यू. मीही मागच्या वर्षीचं उकरून काढलं नाही, याचं बरं वाटलं. पाडवा तुमच्याकडे, भाऊबीज आईकडे, ठरलं.’

स्वतःचे श्रेय एका वाक्यात आटोपले आहे, तेवढे पुरे. शेवटी ‘पुढच्या वेळी आधी विचार’ असे जोडले असते, तर आभारांची तक्रार झाली असती आणि भांडण पुन्हा पेटले असते.

धाक किंवा मारहाण असेल तिथे मात्र हा निरोप लागू नाही. तिथे महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.