उरते ती एक वजाबाकी

घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि ९ यांच्यात फरक असतो तो एखाद्या वळणाचा. पाकिटावरचा पिनकोड वाचताना माणूसही तिथे क्षणभर अडखळतो. समजा, हाताने लिहिलेले आकडे ओळखायला आपण एका यंत्राला शिकवतोय आणि त्याच्यापुढे ९ ठेवलाय. हिशेब सोपा राहावा म्हणून त्याला तीनच पर्याय देऊ: १, ९ आणि ६. यंत्र प्रत्येकाला गुण देते. १ ला २ गुण, ९ ला १ आणि ६ ला शून्य. म्हणजे पहिला नंबर चुकीच्या आकड्याचा आला.

या गुणांची संभाव्यता करायचे काम सॉफ्टमॅक्सचे. हे नाव जॉन ब्रायडल यांनी १९८९-९० च्या सुमारास दिले. कृती सोपी आहे: e या संख्येचा (२.७१८) प्रत्येक गुणाइतका घात काढायचा आणि त्याला सगळ्या घातांच्या बेरजेने भागायचे. आपले घात येतात ७.३८९, २.७१८ आणि १. त्यांची बेरीज ११.१०७. भागाकार केला की १ ची संभाव्यता ०.६६५, ९ ची ०.२४५ आणि ६ ची ०.०९० मिळते.

आता शिक्षा. क्रॉस-एन्ट्रॉपी फक्त खऱ्या उत्तराकडे बघते: ९ ला जी संभाव्यता मिळाली तिचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि चिन्ह उलटवायचे. इथे तो आकडा, म्हणजे लॉस, १.४०७६ येतो. तो कमी करायला कोणता गुण किती हलवायचा, हे डेरिव्हेटिव्ह सांगतो.

पाठ्यपुस्तकातून शिकणारे इथेच घाबरतात. सॉफ्टमॅक्समध्ये एक गुण हलला की सगळ्याच संभाव्यता हलतात, त्यामुळे डेरिव्हेटिव्हचा अख्खा तक्ता मांडावा लागतो आणि वर लॉगचा वेगळा. मला तो रस्ता उगाच लांबचा वाटतो. दोन्ही पायऱ्या आधी एकत्र लिहाव्यात. लॉगमुळे भागाकाराची वजाबाकी होते आणि घात विरघळतो:

`L = ln(e^z1 + e^z2 + e^z3) − z2`

z म्हणजे गुण, आणि z2 हा खऱ्या उत्तराचा, आपल्या ९ चा. पहिल्या पदाचा कोणत्याही गुणाच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढा: त्या गुणाचा घात भागिले सगळ्या घातांची बेरीज. अहो, हाच तर सॉफ्टमॅक्स! दुसऱ्या पदातून खऱ्या उत्तराला वजा १ मिळतो, बाकीच्यांना काहीच नाही. उरते ते `p − y`: यंत्राने सांगितलेली संभाव्यता वजा खरे उत्तर (खऱ्या पर्यायाला १, इतरांना ०).

आपल्या उदाहरणात १ साठी +०.६६५, ९ साठी −०.७५५ आणि ६ साठी +०.०९०. अधिक चिन्ह असेल तो गुण खाली आणायचा, वजा असेल तो वर न्यायचा. तिघांची बेरीज शून्य, आणि ती नेहमीच शून्य येते. विश्वास बसत नसेल तर कॅल्क्युलेटर घ्या. १ चा गुण २ ऐवजी २.०१ करा, लॉस १.४१४३ होतो. वाढ ०.००६७, भागिले ०.०१, म्हणजे ०.६७. जुळले.

प्रत्यक्षात गुण थेट बदलता येत नाहीत. हा फरक मागच्या थरांकडे जातो आणि तिथली वजने बदलतात. तिथले गणित काही इतके सुटसुटीत नसते.

क्रॉस-एन्ट्रॉपीऐवजी चुकीचा वर्ग घेतला तर काय बिघडते? समजा, यंत्राने खऱ्या उत्तराला फक्त ०.००१ संभाव्यता दिली. ठार चूक. १ मधून ती वजा करून वर्ग केला, तर खऱ्या गुणाचा डेरिव्हेटिव्ह जेमतेम −०.००२ येतो, कारण सॉफ्टमॅक्समधून आलेली ती चिमुकली संभाव्यता गुणाकारात बसून राहते. जिथे सर्वात जास्त सुधारायला हवे तिथेच यंत्र ढिम्म. क्रॉस-एन्ट्रॉपीतला लॉग भागाकाराने तीच संभाव्यता काढून टाकतो आणि डेरिव्हेटिव्ह −०.९९९ येतो. एक मात्र आहे: ही वजाबाकी लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवते. कोणी ९ च्या चित्रावर १ असे लेबल लावले असेल, तर ती तेवढ्याच जोराने उलटे शिकवते.

हे एकत्रीकरण फायद्याचे असल्यामुळे पायटॉर्चच्या `CrossEntropyLoss` मध्ये सॉफ्टमॅक्स आधीच घातलेला आहे. त्याला कच्चे गुण द्यायचे असतात. नवखे लोक आधी स्वतः सॉफ्टमॅक्स लावतात आणि मग तो दोनदा लागतो:

```python
loss = F.cross_entropy(z.softmax(dim=1), y)  # चूक
loss = F.cross_entropy(z, y)                 # बरोबर
```

पहिल्या ओळीने प्रोग्रॅम बंद पडत नाही, यंत्र थोडेफार शिकतेही, म्हणून चूक लपून राहते. पण खुणेचा एक आकडा आहे. दहा पर्याय असतील तर यंत्राची शंभर टक्के खात्री असूनही आत शिरतात १ आणि नऊ शून्ये; पुन्हा सॉफ्टमॅक्स लागला की खऱ्या उत्तराला मिळतात २.७१८ भागिले ११.७१८, म्हणजे फक्त ०.२३२. तुमचा लॉस २.३० च्या आसपास सुरू होऊन १.४६ च्या खाली जायलाच तयार नसेल, तर डेटाला दोष देण्याआधी ती एक ओळ तपासा.