दीडचा आकडा आणि अडकलेले साठ लाख

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोन पिढ्या चाललेली एक फाउंड्री आहे असे धरू. ताळेबंद तपासून झाल्यावर सल्लागार तिच्या मालकांना असे पत्र लिहील:

आदरणीय दादासाहेब,
स. न. वि. वि.

‘नफा दिसतो, मग पगाराच्या वेळी खात्यात पैसे का नसतात?’ हा तुमचा प्रश्न होता.

चालू मालमत्ता ३ कोटी १५ लाख आणि चालू देणी २ कोटी १० लाख, म्हणजे चालू गुणोत्तर १.५. बँका साधारण १.३३ मागतात, त्यामुळे अकाउंटंट खूश आहेत. मी नाही. या मालमत्तेत १ कोटी ९० लाख ही नुसती येणी आहेत. येणी थकली तरी हे गुणोत्तर त्यांना पूर्ण किमतीनेच धरते, ही त्यातली गंमत आहे.

म्हणून येणी दिवसांत मोजली. जीएसटी धरून वर्षाची विक्री ७ कोटी ३० लाख, म्हणजे रोजची दोन लाख. (येण्यांत जीएसटी असतो, तेव्हा विक्रीही त्यासकटच घ्यावी, नाहीतर दिवस फुगतात.) १ कोटी ९० लाख म्हणजे ९५ दिवसांची विक्री. गेल्या वर्षी हेच ६० दिवस होते. वाढलेल्या ३५ दिवसांत तुमचे ७० लाख अडकले आणि ते तुम्ही कॅश क्रेडिटमधून भरून काढले. ११ टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज ७ लाख ७० हजार होते.

नंतर बिलांची वयवारी लावली. नव्वद दिवसांपलीकडची बिले ६० लाखांची निघाली. ड्रॉइंग पॉवर काढताना बँका बहुधा अशी बिले धरत नाहीत. ती वगळली तर चालू गुणोत्तर १.२१ वर येते.

ही बिले दोनच गिऱ्हाइकांची आहेत. त्यातले एक धाकट्या बंधूंच्या सासरचे आहे. तिथे तगादा लावणे अवघड आहे, हे मी समजतो. पण उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदत चुकली तर त्या खरेदीची वजावट त्याला प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. ही गोष्ट त्यांच्या सीएंनी सांगितलेली बरी; मार्चअखेरीच्या आधी बंधूंनी त्यांना एक फोन करावा.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचा नवा माल जुने बिल मिटेपर्यंत रोखीनेच द्यावा. त्याने पाठ फिरवली तर विक्री घटेल, हा धोका खरा आहे. म्हणून आधी त्याच्या कास्टिंगवर सुटणारे मार्जिन काढू. तो हिशेब मला अजून मिळालेला नाही. पॅटर्नवार वजन आणि रिजेक्शनची वही शनिवारपर्यंत पाठवावी.

आपला,
सल्लागार