बारा अधिक तीन गुणिले चार

`12 + 3 * 4` ही ओळ आपण एका नजरेत वाचतो. कंपायलरला मात्र दिसते ती नुसती अक्षरांची रांग. त्याचा पहिला टप्पा, लेक्सर, डावीकडून एकेक अक्षर उचलतो. 1 नंतर 2 आला, म्हणजे संख्या अजून चालू आहे. मोकळी जागा आली की 12 हा अख्खा तुकडा, म्हणजे टोकन, बाजूला पडतो. मोकळ्या जागा तो टाकून देतो. हाती उरतात पाच टोकन.

मग पार्सर. त्याचा नियम असा: बेरीज पदांची होते, आणि पद म्हणजे एक संख्या किंवा गुणाकाराने जोडलेल्या संख्या. `+` नंतर त्याला 3 मिळतो, पण पद तिथे संपत नाही, कारण पुढे `*` उभा आहे.

```
  +
 / \
12  *
   / \
  3   4
```

हिशेब खालून वर चढतो, म्हणून उत्तर 24 येते, 60 नाही. ‘गुणाकार आधी’ हा शाळेतला नियम झाडाच्या आकारातच मुरलेला असतो.

`12 + * 4` लिहिले तर लेक्सर हूं की चूं करत नाही. त्याला चारही टोकन ओळखीचे. अडतो पार्सर: `+` नंतर पद हवे होते, आला `*`.