धड्याच्या समासातली पेन्सिल

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. त्याच सुमारास शाळेतल्या मुलाच्या पुस्तकात एक वाक्य भेटते: ‘मुसलमान आपल्या उत्पन्नाचा अडीच टक्के भाग जकात म्हणून देतात.’ वाक्य छोटे, भाषा आदराची, पण माहिती चुकीची. विविध धर्मांची ओळख करून देणारा धडा तपासायला बसलेल्या शिक्षकाने पहिली पेन्सिल इथेच टेकवावी.

समासात लिहावे: ‘उत्पन्न नव्हे, शिल्लक.’ जकात मिळकतीवर नसते. गरजा आणि देणी भागून उरलेली, ठरावीक मर्यादेइतकी वा त्याहून जास्त संपत्ती एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिच्यावर असते. ही मर्यादा आपल्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात. लाखाची शिल्लक मर्यादेत बसत असेल, तर जकात अडीच हजार रुपये. महिना वीस हजार कमावून काहीच न उरणाऱ्या कुटुंबावर ती नाही. उलट गरजू असल्यास ते ती घेऊ शकते. पुस्तकातले वाक्य मात्र त्यालाही देणेकरी ठरवते.

दुरुस्ती मूळ वाक्याहून फार लांबू नये, नाहीतर ती छापली जात नाही. म्हणून एवढेच सुचवावे: ‘ऐपतदार मुस्लिम आपल्या वर्षभराच्या शिलकीतील अडीच टक्के भाग गरजूंना देतात, याला जकात म्हणतात.’ अंगावरच्या दागिन्यांचा तपशील सोडून द्यावा. हनफी मतानुसार त्यांवर जकात आहे. कोकणातले बहुतेक मुस्लिम ज्या शाफई परंपरेचे, तिच्या प्रचलित मतानुसार बायकांच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. असा मतभेद असेल, तिथे ‘सर्व मुस्लिम’ असे लिहू नये.

दुसरी खूण जैन धर्माच्या परिच्छेदावर. ‘महावीरांनी जैन धर्म स्थापन केला,’ असे तिथे सर्रास आढळते. जैन परंपरेत महावीर चोविसावे तीर्थंकर, त्यांच्याआधी पार्श्वनाथ आणि सर्वांत आधी ऋषभदेव. दुरुस्ती: ‘जैन परंपरेनुसार महावीर हे चोविसावे तीर्थंकर होत.’

चूक अशी सापडते, पण अन्याय एकेक वाक्य वाचून सापडत नाही. त्यासाठी सगळ्या धर्मांची वाक्ये एकाखाली एक मांडून क्रियापदे पाहावी लागतात. ‘येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले’ हे सरळ विधान. ‘कुरआन जिब्रईलमार्फत आले अशी मुसलमानांची समजूत आहे’ हे हातभर दूर उभे राहून केलेले. एकाला इतिहासाचा मान, दुसऱ्याला समजुतीचा शिक्का. समासात लिहावे: ‘तराजू एकच हवा.’ दोन्हीकडे ‘अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे’, ‘अशी मुस्लिमांची श्रद्धा आहे’ असे लिहिले, की प्रश्न मिटतो. हिंदू, बौद्ध, शीख परिच्छेदांतही हाच शब्द चालवावा.

शेवटी एक तपासणी उरते. प्रत्येक परिच्छेद त्या त्या धर्माच्या घरात मोठ्याने वाचून दाखवावा. ‘हे आम्हीच का?’ असा प्रश्न आला, तर पेन्सिल पुन्हा उचलावी.